पाइपचा व्यास कसा ठरवायचा? उताराचा हिशेब आणि हेझन-विल्यम्सचं सूत्र

मागच्या व्याख्यानात आपण गावाची पाण्याची गरज कशी काढायची ते पाहिलं. आज त्याच्या पुढची पायरी. गरज कळली, उद्भव सापडला, टाकीची जागाही ठरली. आता मधल्या सहा किलोमीटरला पाइप किती इंची टाकायचा?

नांदेड आणि लातूर भागातल्या श्रोत्यांना हा प्रश्न परका नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं. १२ एप्रिलला पोचलेल्या पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, त्यांत सुमारे पाच लाख लिटर पाणी. पुढे पन्नास वाघिणींची गाडी सुरू झाली, तिच्यात २५ लाख लिटर. हे आकडे लक्षात ठेवा, कारण आज आपण ज्या गावाचा पाइप ठरवणार आहोत त्याची रोजची गरज त्या पहिल्या गाडीपेक्षाही कमी आहे. पाणी थोडंच आहे, पण पाइप चुकला तर तेवढंही टाकीत चढत नाही. पाइप एकदा जमिनीत गाडला की पुढची तीस वर्षं तो बदलायला कोणी येत नाही.

आधी खर्चायला किती उंची आहे ते पाहू

उदाहरणासाठी कंधार-मुखेडच्या डोंगराळ पट्ट्यात शोभेल असं एक गाव घेऊ. गाव कल्पित आहे, पण आकडे अशा योजनांत नेहमी भेटणारे आहेत. तीस वर्षांनंतरची लोकसंख्या ५,७००. जलजीवन मिशनच्या निकषाप्रमाणे माणशी रोज ५५ लिटर. त्यावर गळतीसाठी १५ टक्के. हिशेब येतो रोज साधारण ३ लाख ६० हजार लिटर.

पाणी येतं एका टेकडीवरच्या मोठ्या टाकीतून, जिला आपल्याकडे सगळे एमबीआर म्हणतात. तिथून चार गावांना वाटप होतं. या टाकीतल्या पाण्याची सगळ्यात खालची पातळी समुद्रसपाटीपासून ५४८ मीटर. आपल्या गावाच्या उंच टाकीत पाइप जिथे पाणी सोडतो ती पातळी ५२४ मीटर. मधलं अंतर ६ किलोमीटर. पंप नाही, पाणी उताराने जायचं आहे.

आता ५४८ वजा ५२४, म्हणजे २४ मीटर. ही २४ मीटर उंची म्हणजे आपल्या खिशातले पैसे. पाइपमधून वाहताना पाणी पाइपच्या अंगाला घासतं, आणि त्या घर्षणात ही उंची खर्च होते. यालाच हेड लॉस किंवा घर्षणहानी म्हणतात. हा खर्च २४ मीटरच्या वर गेला तर ठरवलेलं पाणी पोचणारच नाही, कमी पोचेल.

सगळे २४ मीटर पाइपच्या घर्षणावर उधळायचे नाहीत. टाकीच्या तोंडाशी पोचल्यावर निदान ३ मीटर दाब शिल्लक हवा, म्हणजे पाणी जोराने पडेल आणि पुढे-मागे पातळीत थोडा फरक पडला तरी भागेल. वाकणं, व्हॉल्व्ह, जोड यांतही हानी होते. लांब वाहिनीत त्यासाठी घर्षणाच्या दहा टक्क्यांच्या आसपास धरतात. ते आणि थोडं हातचं मिळून आणखी ३ मीटर ठेवू. उरले १८ मीटर. सहा किलोमीटरला १८, म्हणजे किलोमीटरला ३ मीटर. ही आपली परवानगी. इथून पुढचा सगळा हिशेब या एका आकड्याभोवती फिरतो.

सूत्र काय सांगतं

अॅलन हेझन आणि गार्डनर विल्यम्स या दोन अमेरिकन अभियंत्यांनी १९०५ साली आपले कोष्टकांचे पुस्तक छापलं. खऱ्या पाइपांवरची मोजमापं गोळा करून, त्यांत बसेल असं सूत्र त्यांनी मांडलं. भौतिकीच्या नियमांतून ते काढलेलं नाही, अनुभवातून बसवलेलं आहे. म्हणून त्यातले घातांक असे विचित्र दिसतात. आपल्याकडे पाणीपुरवठ्याच्या कामात आजही हेच सूत्र सर्वात जास्त वापरलं जातं. मीटर आणि घनमीटर प्रति सेकंद या एककांत ते असं लिहितात:

```
h = 10.67 × L × Q^1.852 / (C^1.852 × d^4.87)
```

यात h म्हणजे घर्षणहानी, L पाइपची लांबी, Q प्रवाह, d पाइपचा आतला व्यास. C हा गुळगुळीतपणाचा आकडा. पाइप जितका गुळगुळीत तितका C मोठा. प्लास्टिकच्या पाइपला किंवा आतून सिमेंटचा थर दिलेल्या डक्टाइल आयर्न पाइपला आराखड्यासाठी १४० धरायला हरकत नाही. आतून थर नसलेला लोखंडी पाइप नवा असताना बरा असतो, पण गंज चढत जातो, म्हणून त्याला आराखड्यात १०० च धरतात.

सूत्र पाठ करायची गरज नाही. घातांकांकडे मात्र नीट बघा. प्रवाह दुप्पट केला तर हानी दुप्पट होत नाही, साधारण ३.६ पट होते. व्यास दहा टक्क्यांनी कमी केला तर हानी सुमारे पावणेदोन पटीच्या जवळ जाते. आणि व्यास निम्मा केला तर हानी एकोणतीस पट! म्हणून पाइपच्या बाबतीत 'एक साइज खाली घेतला तर काय बिघडतं' हे वाक्य फार महाग पडतं.

दोन मर्यादाही सांगून ठेवू. हे सूत्र फक्त साध्या तापमानाच्या पाण्यासाठी आहे, तेलाला किंवा मळीला लावायचं नाही. आणि घरात येणाऱ्या बारीक नळ्यांसाठी किंवा फार मोठ्या वेगासाठी ते भरवशाचं नाही. आपल्या उदाहरणातला पाइप आणि वेग दोन्ही त्याच्या हद्दीत आहेत.

रोजचं पाणी किती तासांत न्यायचं?

आता Q किती घ्यायचा? इथे बहुतेक वेळा घाई होते. रोजचे ३ लाख ६० हजार लिटर, दिवसाचे २४ तास, भागाकार केला की सेकंदाला ४.१७ लिटर. सूत्रात टाकलं, C १४०, किलोमीटरला ३ मीटर. आतला व्यास येतो १०२ मिलिमीटर. बाजारात १२५ मिलिमीटरचा एचडीपीई पाइप मिळतो, तो पुरून उरेल असं वाटतं.

पण पाणी चोवीस तास वाहणार आहे का? टेकडीवरची टाकी भरते नदीकाठच्या पंपाने, आणि तो पंप वीज असेल तेव्हाच चालतो. शिवाय त्या टाकीवर चार गावं पाळीने आहेत. आपल्या गावाच्या वाट्याला दिवसाचे दहा तास येतात असं धरू. मग तेच पाणी दहा तासांत न्यायला सेकंदाला १० लिटर प्रवाह लागतो. व्यास पुन्हा काढू:

```
d = (10.67 × Q^1.852 / (C^1.852 × S))^(1/4.87)
Q = 0.010, C = 140, S = 0.003  →  d = 0.142
```

S म्हणजे मीटरमागे परवानगीची हानी, किलोमीटरला ३ मीटर म्हणजे ०.००३. आतला व्यास हवा १४२ मिलिमीटर. १०२ आणि १४२ मधला हा फरक सूत्राने केलेला नाही, तासांनी केला आहे.

समजा कोणी चोवीस तासांचा हिशेब धरून १२५ चा पाइप टाकलाच. त्याचा आतला व्यास साधारण ११० मिलिमीटर. तेवढ्याच उतारावर तो सेकंदाला ५.१ लिटर नेतो. दहा तासांत १ लाख ८५ हजार लिटर, म्हणजे गरजेच्या निम्मं. गावात मग एक दिवसाआड पाणी येतं आणि लोक म्हणतात, धरणात पाणी असून आम्हाला मिळत नाही. पाइप कुठे फुटलेला नसतो, पंप बिघडलेला नसतो. कागदावर फक्त तासांचा आकडा खरा नसतो.

याची दुसरी बाजूही बघा. याच वाहिनीला वीस तास पाणी मिळण्याची पक्की सोय झाली, तर तोच १२५ चा पाइप जवळजवळ ३ लाख ७० हजार लिटर नेऊन देतो आणि पुरतो. म्हणून व्यास काढायला बसण्याआधी गावात जाऊन, वॉटरमनला विचारून, विजेचं वेळापत्रक पाहून तास नक्की करायचे. हे तास आराखड्याच्या पहिल्या पानावर लिहून ठेवायचे, म्हणजे पुढे पाळी बदलली तर पाइप कशासाठी होता हे तरी कळेल.

१६० चा पाइप आतून १६० नसतो

आता १४२ मिलिमीटर हवा. दुकानात १४० आहे, १६० आहे, १८० आहे. तर १६० घेतला की झालं? इथे थांबायला हवं. एचडीपीई पाइपचा जो आकडा सांगतात तो बाहेरचा व्यास असतो. आतला व्यास कळण्यासाठी भिंतीची जाडी माहीत हवी, आणि ती ठरते दाबाच्या वर्गावरून.

मग आधी दाब पाहू. पाइपवर सगळ्यात जास्त दाब पाणी वाहताना येत नाही, ते थांबलेलं असताना येतो. गावाकडचा व्हॉल्व्ह बंद केला की घर्षण शून्य, आणि टेकडीच्या टाकीची सगळी उंची पाइपवर बसते. आपल्या वाहिनीच्या वाटेत तिसऱ्या किलोमीटरला एक नाला आहे, त्याची पातळी ४९० मीटर. म्हणजे तिथे ५८ मीटरचा दाब, चौरस सेंटिमीटरला सुमारे ५.८ किलो. ६ किलोच्या वर्गाचा पाइप कागदावर कसाबसा बसतो, पण व्हॉल्व्ह झटकन बंद केल्यावर पाण्याचा जो धक्का बसतो त्याला जागाच राहत नाही. म्हणून १० किलोचा वर्ग. पीई १०० प्रतीच्या १६० मिलिमीटरच्या पाइपला या वर्गात भिंत साधारण साडेनऊ मिलिमीटर असते. दोन्ही बाजूंची १९ वजा करा, आतला व्यास राहिला १४१.

याच वर्गाचे चार आकार आणि सेकंदाला १० लिटर नेताना होणारी हानी अशी:

| बाहेरचा व्यास (मिमी) | आतला व्यास (मिमी) | किलोमीटरला हानी (मी.) | ६ किमीला हानी (मी.) |
|---|---|---|---|
| १२५ | ११० | १०.३ | ६२ |
| १४० | १२३ | ६.० | ३६ |
| १६० | १४१ | ३.१ | १८.७ |
| १८० | १५९ | १.८ | १०.५ |

आपली परवानगी १८ मीटरची आहे. १६० चा पाइप ती थोडी ओलांडतो, १८.७. हे मोठं पाप नाही. हातचं ठेवलेलं आहे त्यातून निघेल, किंवा टाकी भरायला दहा तासांऐवजी दहा तास बारा मिनिटं लागतील. कोणी हाच आकडा आतला व्यास १६० धरून काढला असता, तर त्याला हानी १० मीटर दिसली असती आणि भरपूर शिल्लक आहे असं वाटलं असतं. खरं तर शिल्लक काहीच नाही.

शिल्लक नसली की काय होतं? प्लास्टिक गंजत नाही हे खरं, पण आत बुळबुळीत थर धरतो, गाळ बसतो, सांध्यांवर कड राहते. वापरात C १४० चा १२० झाला तर हानी एक तृतीयांशाने वाढते. १६० च्या पाइपला मग १८.७ ऐवजी जवळजवळ २५ मीटर लागतील, आपल्याकडे एकूण आहेत २४. प्रवाह आपोआप सेकंदाला साडेआठ लिटरच्या खाली येतो आणि टाकी भरायला बारा तास लागतात. १८० चा पाइप अशा वेळीही १४ मीटरमध्ये काम भागवतो. म्हणजे सरळ उत्तर १८० असं दिसतं. पण थांबा, अजून जमीन पाहिलेली नाही.

मधला उंचवटा

आतापर्यंत आपण फक्त दोन टोकं पाहिली. बालाघाटच्या या भागात दोन टोकांच्या मध्ये जमीन सरळ उतरत नाही. समजा आपल्या वाहिनीवर चौथ्या किलोमीटरला एक उंचवटा आहे, तिथल्या जमिनीची पातळी ५३५ मीटर.

आता एक रेषा मनात काढा. वाहिनीवर प्रत्येक ठिकाणी उभी नळी लावली तर तिच्यात पाणी जितकं चढेल ते बिंदू जोडणारी रेषा. इंग्रजीत तिला हायड्रॉलिक ग्रेड लाइन म्हणतात, आपण दाबरेषा म्हणू. टेकडीच्या टाकीपाशी ती ५४८ वर सुरू होते आणि घर्षणामुळे उतरत जाते. नियम एकच: दाबरेषा सगळीकडे पाइपच्या वर राहिली पाहिजे. ती पाइपच्या खाली गेली की त्या जागी पाइपमध्ये ऋण दाब तयार होतो. पाण्यातली हवा सुटून वर साचते, प्रवाह अडतो, आणि सांधा कच्चा असेल तर बाहेरचं घाण पाणी आत ओढलं जातं.

१८० चा पाइप सहाही किलोमीटर टाकला आणि गावाकडचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवला, तर काय होईल? पुष्कळांना वाटतं, पाइप मोठा आहे, हानी कमी, म्हणून दाबरेषा उंच राहील. तसं होत नाही. उताराच्या वाहिनीत पाणी मिळेल तेवढी सगळी उंची खर्च करेपर्यंत वेग वाढवत नेतं. प्रवाह १० लिटरवर थांबत नाही, १३ च्या पुढे जातो, आणि दाबरेषा ५४८ पासून ५२४ पर्यंत जवळजवळ सरळ उतरते. सहा किलोमीटरला २४ मीटर, म्हणजे चौथ्या किलोमीटरला १६ मीटर उतरून ५३२. उंचवटा ५३५ वर. दाबरेषा जमिनीच्या ३ मीटर खाली! सगळीकडे १६० टाकला तरी व्हॉल्व्ह उघडा असताना हेच होणार, कारण रेषा तीच राहते.

उपाय असा की वाहिनीचे दोन तुकडे करून हिशेब मांडायचा. पहिला तुकडा टाकीपासून उंचवट्यापर्यंत, ४ किलोमीटर. इथे खर्चायला ५४८ वजा ५३५, म्हणजे १३ मीटर आहेत. उंचवट्यावर ४-५ मीटर दाब राहायला हवा. मग घर्षणाला किलोमीटरला सुमारे २ मीटर मिळतात, आणि आतला व्यास हवा १५४. म्हणजे इथे १८० चाच पाइप. त्याची हानी ४ किलोमीटरला ७ मीटर, वाकणं-व्हॉल्व्हसाठी १ मीटर. दाबरेषा उंचवट्यावर ५४० ला येते, जमिनीच्या ५ मीटर वर.

दुसरा तुकडा उंचवट्यापासून गावापर्यंत, २ किलोमीटर. ५४० पासून ५२७ पर्यंत उतरायचं आहे, म्हणजे टाकीची पातळी ५२४ आणि शिल्लक ३. १३ मीटर हातात आहेत. इथे लहान पाइप चालतो. १४० चा टाकला तर वाकणांसह १३ मीटर लागतात, अगदी काठावर. १६० चा टाकला तर ७ मीटर लागतात आणि सहा मीटर जास्तीचे शिल्लक राहतात. आपण १६० घेऊ, कारण १४० मध्ये पुढच्या काळासाठी काहीच उरत नाही.

आता खरी परीक्षा. गावाकडचा व्हॉल्व्ह कोणीतरी पूर्ण उघडला. १८० आणि १६० च्या जोडीत प्रवाह वाढून १३ लिटरच्या आसपास जातो. पण बारीक पाइप खालच्या बाजूला असल्यामुळे उंचीचा मोठा वाटा तिथे खर्च होतो, आणि उंचवट्यावर दाबरेषा ५३५ च्या किंचित वरच राहते. सगळीकडे १८० टाकला असता तर पैसेही जास्त लागले असते आणि उंचवटाही उपाशी राहिला असता. इथे खालचे दोन किलोमीटर लहान करून पैसेही वाचले आणि काम सुरक्षित झालं. म्हणून लक्षात ठेवा: उताराच्या वाहिनीत उंचवट्याच्या आधी मोठा पाइप, नंतर लहान. उलटं केलं तर दाबरेषा आधीच कोसळते.

तरी उंचवट्यावर एअर व्हॉल्व्ह लागतोच, आणि गावाच्या टाकीशी व्हॉल्व्ह १० लिटरला बसवून ठेवायचा. एक तासात टाकीत ३६ हजार लिटर चढले की तो बरोबर बसला.

काम झाल्यावर तपासायचं कसं

उंचवट्यावर एक प्रेशर गेज लावा. गावाकडचा व्हॉल्व्ह बंद करा. गेजवर १३ मीटर, म्हणजे १.३ किलो दिसायला हवा. आता व्हॉल्व्ह उघडून प्रवाह १० लिटरला आणा. गेज ५ मीटरच्या आसपास यायला हवं. दोन आकड्यांतला फरक, ८ मीटर, हीच वरच्या चार किलोमीटरची प्रत्यक्ष हानी. पातळ्यांचा सर्व्हे थोडा चुकला असला तरी हा फरक चुकत नाही.

आता समजा याच प्रवाहाला फरक ८ ऐवजी १२ मीटर आला. सूत्र उलटं चालवलं तर C ११० च्या जवळ येतो. नव्या प्लास्टिकच्या पाइपचा C इतका खाली जात नाही. म्हणजे पाइपला दोष देऊ नका, शोध दुसरीकडे घ्या. बहुतेक वेळा अर्धवट उघडा राहिलेला स्लुइस व्हॉल्व्ह निघतो, किंवा एखाद्या उंचवट्यावर हवा अडकलेली असते, किंवा जोडणी करताना आत माती-दगड राहिलेले असतात. मध्ये आणखी एक गेज लावलं की कोणत्या तुकड्यात जास्त हानी आहे ते कळतं, आणि खोदायचं कुठे हेही कळतं.

श्रोत्यांच्या प्रश्नांतून

*लातूरला २०१६ मध्ये रेल्वेऐवजी मिरजेहून पाइपच का टाकला नाही?*

हिशेबाने उत्तर देऊ. २५ लाख लिटर चोवीस तासांत, म्हणजे सेकंदाला सुमारे २९ लिटर. आतून २०० मिलिमीटरचा पाइप घेतला तर वेग सेकंदाला ०.९ मीटर, दिसायला अगदी योग्य. पण हानी किलोमीटरला ४ मीटर. रेल्वेचं अंतर सुमारे ३४० किलोमीटर, तेवढी लांबी धरली तर एकूण हानी १,३८० मीटर! ३०० मिलिमीटरचा घेतला तर तीच हानी १९० मीटरवर येते. व्यास दीडपट, हानी सातवा हिस्सा. ३०० चा पाइप चालला असता, पण ३४० किलोमीटर पाइप खरेदी करून गाडायला जितका काळ लागतो तितका काळ तहानलेल्या शहराकडे नसतो. रूळ आधीच टाकलेले होते.

*पंपाने पाणी न्यायचं असेल तेव्हा परवानगीची हानी कुठून आणायची? तिथे तर उतारच नाही.*

फार चांगला प्रश्न. लातूरला धनेगावच्या मांजरा धरणातून पाणी येतं, नांदेडला गोदावरीवरच्या विष्णुपुरीतून. दोन्हीकडे पंप आहेत. तिथे हानी किती चालेल हे जमीन सांगत नाही, विजेचं बिल सांगतं. लहान पाइप स्वस्त, पण दरवर्षी वीज जास्त. मोठा पाइप महाग, पण वीज कमी. दोन-तीन व्यास घेऊन प्रत्येकाची पाइपची किंमत आणि तीस वर्षांची वीज आजच्या किमतीत एकत्र मांडायची, आणि बेरीज सगळ्यात कमी येईल तो व्यास घ्यायचा. यात तासांचा मुद्दा आणखी टोकदार होतो. तेच पाणी दहा तासांऐवजी वीस तासांत नेलं तर त्याच पाइपमधली घर्षणहानी साडेतीन पटीने कमी होते. तो पूर्ण हिशेब आपण पुढच्या व्याख्यानात करू. तोपर्यंत आपापल्या गावच्या टाकीला पाणी रोज किती तास चढतं, तेवढं वॉटरमनला विचारून या.